नॅसवरचे मोठे फोल्डर उघडत नाहीत, टीव्हीवर मात्र सगळं नीट चालतं. जंबो फ्रेमचा संबंध असेल का?

गावभाग_फोटो (सांगली) · सोमवार, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी. मी लग्नाचे फोटो आणि व्हिडिओ करतो. सांगलीत गावभागात घर आणि खालीच स्टुडिओ. २०१९ च्या पुरात खालच्या मजल्यावरचं बरंच सामान गेलं, तेव्हापासून नॅस वरच्या मजल्यावर ठेवलाय. चार हार्ड डिस्क आहेत. खाली एडिटिंगचा पीसी आणि एक स्विच, तिथून भिंतीतून वायर वर, वर दुसरा स्विच, त्याला नॅस आणि टीव्ही. राउटर खाली आहे.

दीड वर्षापूर्वी एका मित्राच्या सांगण्यावरून नॅस आणि पीसी दोन्हीवर जंबो फ्रेम चालू केली होती, म्हणजे नेहमीच्या १५०० बाइटऐवजी ९००० बाइटची पॅकेट. तेव्हापासून काहीच तक्रार नव्हती.

गेल्या आठवड्यात व्होल्टेज वर-खाली झालं आणि वरचा स्विच गेला. मेव्हण्याकडे एक जुना आठ पोर्टचा पडून होता, तो लावला. दिवे सगळे हिरवे, पीसीवर स्पीड 1.0 Gbps दाखवतंय. पण आता असं होतंय:

नॅस पिंग होतो. पासवर्ड टाकला की आत जाता येतं. चाळीसएक फायलींचं फोल्डर पटकन उघडतं. पण ज्या लग्नात अठराशे फोटो आहेत ते फोल्डर उघडलं की हिरवी पट्टी अर्ध्यावर येऊन थांबते. फाईल कॉपीला लावली की आलेख शून्यावर बसतो आणि काही वेळाने 0x80070040 असा एरर येतो. टीव्हीवर मात्र त्याच नॅसवरचे व्हिडिओ एकदाही न अडकता चालतात. बायकोच्या फोनवर फोटोही दिसतात.

दुकानदार म्हणाला व्होल्टेजमुळे डिस्क खराब झाली असेल, एकेक काढून तपासा. उद्या सकाळी तेच करणार आहे. पण रविवारी दोन लग्नं द्यायची आहेत, म्हणून आधी इथे विचारतोय. डिस्क बदलल्यावर रीबिल्डला किती वेळ लागतो?

---

तारवाला_काका (सातारा) · सोमवार, रात्री १०:५२

डिस्क काढू नका. आज रात्री नॅसला हातच लावू नका.

तुमच्या लिहिण्यात उत्तर आलेलं आहे. टीव्ही आणि फोन त्याच डिस्कवरून वाचतात आणि त्यांना काही होत नाही. डिस्क गेली असती तर तिने टीव्हीला वेगळी वागणूक दिली नसती. अडकतंय ते फक्त त्या यंत्राला, ज्याच्यावर तुम्ही ९००० केलं होतं. आणि सुरुवात झाली स्विच बदलल्यावर.

पीसीवर कमांडची काळी खिडकी उघडा आणि या दोन ओळी एकेक करून चालवा. नॅसचा पत्ता तुमचा टाका.

```
ping -f -l 1472 192.168.1.20
ping -f -l 8972 192.168.1.20
```

`-f` म्हणजे वाटेत तुकडे करू नका, आणि `-l` म्हणजे आत भरायचा माल किती. ९००० मधून आयपीच्या हेडरचे २० आणि पिंगच्या हेडरचे ८ बाइट गेले की ८९७२ राहतात. तुम्ही नेहमी करता तो साधा पिंग ३२ बाइटचा असतो, तो कुठूनही निघून जातो. त्यामुळे "पिंग होतो" याला इथे काही अर्थ नाही.

दुसऱ्या ओळीला नेमकं कोणतं वाक्य येतं ते अक्षरशः उतरवून टाका. वाक्यावर बरंच अवलंबून आहे.

---

पिंगळा (मूळ मिरज, सध्या पुणे) · सोमवार, रात्री ११:२०

मी ऑफिसात नेटवर्कचंच काम बघतो म्हणून सांगतो. वाटेत छोटा एमटीयू, म्हणजे पॅकेटच्या मापाची मर्यादा, असला तर पाठवणाऱ्याला तसा निरोप परत येतो आणि तो आपोआप पॅकेट लहान करतो. त्यामुळे स्विचमुळे असं पूर्ण अडकायला नको. माझ्या मते नॅस ९००० आणि पीसी विंडोज अपडेटनंतर परत १५०० वर गेला असेल. दोन टोकं वेगवेगळी झाली की हेच होतं. दोन्हीकडे परत ९००० करा, चालेल.

---

स्वरसंग्रह (मिरज) · मंगळवार, सकाळी ७:३०

याच विषयाशी जोडून विचारते. माझ्याकडे जुन्या मैफिलींच्या कॅसेट आहेत, त्या डिजिटल करून नातेवाइकांना आणि काही शिष्यांना इंटरनेटवरून पाठवते. एकेक फाईल वर चढायला तास-तास लागतो. जंबो फ्रेमने मोठी पॅकेट जातात असं वाचून काल लॅपटॉपवर ९००० केलं. काहीच फरक पडला नाही. राउटरवरही करावं लागतं का?

---

तारवाला_काका (सातारा) · मंगळवार, सकाळी ८:०५

स्वरसंग्रह ताई, तुमचा माल घराच्या दाराबाहेर जातो. बाहेर सगळीकडे १५०० चाच रस्ता आहे, आणि जोडणी नाव-पासवर्ड टाकून होणारी असेल तर १४९२ चा. घरात पॅकेट कितीही मोठं केलं तरी दारात ते त्याच मापाचं होणार. तुमचा वेळ ठरतो तो तुमच्या प्लॅनमध्ये वर चढवायचा वेग किती आहे त्यावर. लॅपटॉप परत १५०० वर आणा. आज त्रास नाही झाला, पण उद्या घरात काही नवीन जोडलं की गावभागातल्या दादांसारखं होईल.

पिंगळा, तुमचं म्हणणं राउटरच्या बाबतीत बरोबर आहे. राउटर आयपी वाचतो, त्याला स्वतःचा पत्ता असतो, म्हणून "हे पॅकेट माझ्या पुढच्या रस्त्यावर मावत नाही" असा निरोप तो परत पाठवू शकतो. पण घरातला पीसी आणि नॅस एकाच नेटवर्कात आहेत, मध्ये राउटर नाही, फक्त स्विच आहेत. साधा स्विच आयपी बघतच नाही. त्याच्या मापापेक्षा मोठी फ्रेम आली की तो ती टाकून देतो आणि कोणालाही कळवत नाही. पाठवणारा वाट बघतो, पोच येत नाही, तेच पुन्हा पाठवतो, ते पुन्हा टाकलं जातं. तोच शून्यावर बसलेला आलेख.

दोन टोकं वेगवेगळी असली तर काय, हे जरा सविस्तर सांगतो, कारण हा गैरसमज फार आहे. फाईल शेअरिंग टीसीपीवर चालतं. जोडणी होताना पहिल्याच निरोपात प्रत्येक टोक सांगतं की मी एका वेळी एवढा माल घेईन. १५०० वालं यंत्र १४६० म्हणतं, ९००० वालं ८९६० म्हणतं. मग नॅस टीव्हीला १४६० पेक्षा मोठा तुकडा पाठवतच नाही. म्हणून तो टीव्ही नीट चालतोय. नॅस ९००० आणि पीसी १५०० असता तर पीसीही टीव्हीसारखाच नीट चालला असता, फक्त जंबोचा फायदा मिळाला नसता.

अडचण होते ती दोन्ही टोकं ९००० असताना. दोघं ८९६० वर राजी होतात, आणि या बोलण्यात मधला स्विच कुठेच नसतो. लॉगिनचे निरोप छोटे, चाळीस फायलींची यादी छोटी, ती जाते. अठराशे नावांची यादी पाठवायला नॅस मोठी फ्रेम भरतो आणि ती वरच्या मजल्यावरच संपते.

यूडीपीला ही बोलणी नसतात, तिथे टोकं वेगळी असली तरी त्रास होऊ शकतो. पण तुमचं प्रकरण ते नाही.

---

गावभाग_फोटो (सांगली) · मंगळवार, सकाळी ११:४०

काका, डिस्क काढल्या नाहीत. पिंग केलं.

१४७२ ला चारही उत्तरं आली. ८९७२ ला चारही वेळा `Request timed out.`

मग मी एकेक आकडा वाढवत गेलो. १४७३ गेलं, १४७४ गेलं, १४७६ पर्यंत जातंय. १४७७ ला बंद. हा १४७६ कुठून आला? तुम्ही तर १५०० चं माप सांगितलं होतं, त्या हिशेबाने १४७२ च्या पुढे जायला नको होतं.

---

तारवाला_काका (सातारा) · मंगळवार, दुपारी १२:१०

एकेक आकडा वाढवत गेलात, हे फार चांगलं केलंत.

आधी वाक्याचं. `Request timed out.` म्हणजे पॅकेट तुमच्या पीसीच्या कार्डातून बाहेर पडलं आणि वाटेत हरवलं. तुमचंच कार्ड १५०० वर असतं तर विंडोजने ते बाहेर सोडलंच नसतं आणि `Packet needs to be fragmented but DF set.` असं लगेच सांगितलं असतं. म्हणजे पिंगळा म्हणतात तसा पीसी मागे गेलेला नाही. खात्री हवी असेल तर हे चालवा, पहिल्या रकान्यात एमटीयू दिसेल.

```
netsh interface ipv4 show subinterfaces
```

आता १४७६. त्यात पिंगचे आणि आयपीचे २८ मिळवा, १५०४. त्यात इथरनेटचं हेडर आणि शेपटीची तपासणी मिळून १८ मिळवा, १५२२. जुन्या साध्या स्विचना १५१८ ची फ्रेम आणि वर व्हीलॅनच्या खुणेचे ४ बाइट एवढी जागा दिलेली असते. तुमच्या फ्रेमवर खूण नाही, म्हणून ते ४ बाइट तुमच्या मालाला मिळाले. हा आकडाच सांगतो की वाटेत १५२२ च्या पुढचं न घेणारा स्विच बसलाय.

कोणता ते नक्की करायचं तर लॅपटॉप वर न्या, त्यावर ९००० करून वरच्या स्विचला लावा आणि तेच पिंग करा. तिथेही अडलं तर वरचा. मग स्विच बाजूला ठेवून एकच वायर लॅपटॉपमधून थेट नॅसला. आता ८९७२ गेलं तर नॅस आणि लॅपटॉप दोन्ही निर्दोष. थेट जोडताना लॅपटॉपला हाताने पत्ता द्यावा लागेल, 192.168.1.50 वगैरे.

आणि रविवारची घाई आहे ना? मग सगळं सोडून आत्ता फक्त पीसी १५०० वर आणा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या Advanced मध्ये Jumbo Packet असेल, तिथे Disabled. मग पीसी एकदा रीस्टार्ट करा, कारण चालू जोडणीत जुनाच आकडा ठरलेला असतो, तो जोडणी नव्याने झाल्याशिवाय बदलत नाही. काम सुरू होईल. शोध नंतर.

---

घाटमाथा (वाई) · मंगळवार, दुपारी १:३०

माझं थोडं वेगळं झालं होतं, कोणाला उपयोग होईल म्हणून लिहितो. माझ्या स्विचच्या खोक्यावर जंबो ९००० असं छापलंय. नॅस ९०००, पीसी ९०००, तरी ८९७२ अडायचं. शेवटी कळलं की स्विचचा ९००० हा आकडा हेडर आणि शेपटीसकट पूर्ण फ्रेमचा आहे. म्हणजे आत आयपीला ८९८२ च मिळतात आणि पिंग ८९५४ पर्यंतच जातं. नॅस आणि पीसी दोन्ही ८००० वर आणले आणि मामला मिटला.

विंडोजच्या त्या यादीत 9014 Bytes लिहिलेलं असतं, तेही असंच. त्यात १४ हेडरचे आहेत, म्हणजे लिनक्सच्या ९००० बरोबर ते जुळतं. प्रत्येक जण वेगळ्या ठिकाणाहून मोजतो.

---

गावभाग_फोटो (सांगली) · मंगळवार, रात्री ९:०५

काका, पीसी १५०० केला, रीस्टार्ट केला. अठराशे फोटोंचं फोल्डर समोर उघडलंय. दोन्ही लग्नांची कॉपी चालू आहे. तुमचे उपकार कसे फेडू कळत नाही, मी खरंच उद्या डिस्क उपसणार होतो.

लॅपटॉप वर नेऊनही बघितला. वरच्या स्विचमधून १४७६ च्या पुढे नाही. थेट वायर लावली, ८९७२ सरळ गेलं. म्हणजे मेव्हण्याचा स्विचच.

आता प्रश्न असा. जंबो घेणारा नवीन स्विच घेऊन परत ९००० करू, की आहे तसंच ठेवू? कॉपी करताना ११३ MB/s दाखवतंय. आधी ११८ च्या आसपास असायचं असं आठवतंय. माझ्या कामात हा फरक मोठा आहे का?

एक अजून. सगळं अडकत होतं तेव्हा नॅसवरून वाचायला गेलो की कायमचं थांबायचं, पण पीसीवरून नॅसवर टाकायला गेलो तर बराच वेळ थांबून एखाद वेळी हळूहळू चालू व्हायचं. दोन्हीकडे तोच स्विच असताना हा फरक का?

---

मानसी_कुपवाड (सांगली) · मंगळवार, रात्री १०:२०

हिशेब करू. तारेवर प्रत्येक फ्रेममागे हेडर, शेपटी, सुरुवातीची खूण आणि दोन फ्रेममधली सक्तीची मोकळी जागा मिळून ३८ बाइट जातात. त्याशिवाय आत आयपी आणि टीसीपीचे ४०. १५०० वर १५३८ पैकी १४६० बाइट तुमचा माल. ९००० वर ९०३८ पैकी ८९६०. म्हणजे ९४.९ टक्क्यांचे ९९.१ टक्के झाले. गिगाबिटवर विंडोजच्या भाषेत ११३ चे ११८. तुम्हाला आठवतंय ते अगदी बरोबर आहे.

एका लग्नाचे ६० जीबी धरा. ११३ ने नऊ मिनिटं चार सेकंद लागतात. ११८ ने आठ मिनिटं एक्केचाळीस सेकंद. तेवीस सेकंद वाचले. या आठवड्यात त्या तेवीस सेकंदांपायी तुमचे किती तास गेले ते तुम्हीच बघा. गिगाबिटवर मी घरात जंबो ठेवणार नाही.

पण जंबो निरुपयोगी आहे असंही मी म्हणणार नाही, कारण माझ्याकडे खरा फरक पडला. माझा नॅस म्हणजे जुन्या चार कोरच्या पीसीत बसवलेलं सेकंडहँड १० गिगाबिट कार्ड. एका जोडणीवर १५०० ने iperf3 मध्ये ६.४ Gbits/sec मिळत होते आणि एक कोर शंभर टक्के भरलेला. ९००० केल्यावर ९.८. कारण १० गिगाबिटला १५०० ची फ्रेम म्हटली की सेकंदाला आठ लाखांवर फ्रेम, आणि ९००० ने तेच काम एक लाख अडतीस हजारांत होतं. जुन्या प्रोसेसरला एवढ्या फ्रेम उचलणं जड जातं.

आणि हे फक्त एसएसडीवर. त्याच नॅसवर चार हार्ड डिस्कचा दुसरा गट आहे, तिथे १५०० असो की ९०००, ४२० MB/s च्या आसपासच थांबतं. तिथे डिस्कच कमी पडते.

---

पिंगळा (मूळ मिरज, सध्या पुणे) · मंगळवार, रात्री ११:००

काका, टीसीपीचं तुमचं म्हणणं पटलं. मी घरी नॅस ९००० आणि लॅपटॉप १५०० करून बघितलं, खरंच काही अडलं नाही. इतकी वर्षं उलटं समजत होतो.

पण मानसी, फ्रेमच्या संख्येचा एवढा परिणाम आता राहिलाय का? आजकालची कार्डं मोठा तुकडा स्वतःच कापतात. प्रोसेसर ६४ केबीचा गठ्ठा कार्डाला देतो आणि १५०० चे तुकडे कार्ड करतं. येतानाही तसेच जोडून देतात.

---

तारवाला_काका (सातारा) · बुधवार, सकाळी ६:४५

पिंगळा, तुमचं बरोबर आहे, आणि म्हणूनच चांगल्या कार्डावर जंबोचा फायदा लोक सांगतात त्यापेक्षा कमी दिसतो. पाठवताना तर फारच कमी. येणारा माल जोडणं जरा अवघड काम, तिथे जुन्या प्रोसेसरवर मानसींना दिसला तसा फरक पडतो. म्हणून `iperf3` दोन्ही दिशांनी चालवावं, साधं आणि `-R` लावून, आणि शेजारच्या खिडकीत कोर बघावेत. एखादा कोर भरला नसेल तर जंबोने त्या साडेचार टक्क्यांपलीकडे काही मिळणार नाही.

याची उलटी बाजूही आहे. लिनक्समध्ये बऱ्याच घरगुती गिगाबिट कार्डांना r8169 हा ड्रायव्हर लागतो. त्यात एमटीयू १५०० च्या वर नेला की बहुतेक चिपवर चेकसमचं आणि कापाकापीचं काम कार्डाकडून काढून परत प्रोसेसरकडे दिलं जातं. म्हणजे प्रोसेसर हलका करायला जंबो लावावं आणि त्याच्यावर दुसरंच ओझं पडावं. बघायचं असेल तर एमटीयू बदलण्याआधी आणि नंतर:

```
ethtool -k eth0 | grep -E 'checksum|segmentation'
```

आधी on असलेलं नंतर off झालं तर समजा.

दादा, तुमच्या वाचण्या-लिहिण्यातल्या फरकाबद्दल. काही सिस्टिम मोठी पॅकेट वारंवार हरवली की स्वतःच लहान करून बघतात. लिनक्समध्ये त्याला `net.ipv4.tcp_mtu_probing` असं सेटिंग आहे आणि ते मुळात ० म्हणजे बंद असतं. नॅसच्या आत बहुधा लिनक्सच असतं, म्हणून नॅसकडून येणारा माल कायमचा थांबला असावा आणि विंडोजने मात्र आपलं माप उतरवून पाहिलं असावं. पक्कं सांगायला त्या वेळचं पॅकेट कॅप्चर लागलं असतं.

---

मानसी_कुपवाड (सांगली) · बुधवार, सकाळी ९:३०

काका, नॅसवर ते सेटिंग १ करून ठेवलं तर असा प्रसंगच येणार नाही ना? मग घरभर ९००० ठेवायला हरकत काय?

---

तारवाला_काका (सातारा) · बुधवार, सकाळी १०:१५

प्रसंग येईल, फक्त लपेल. दर जोडणीला आधी काही सेकंद अडकणार, मग लहान मापाने सुरू होणार. घरात "नॅस हल्ली मंद झालाय" एवढंच सगळे म्हणत राहतील आणि कारण कोणी शोधणार नाही. पूर्ण अडकलं म्हणून तर दादांनी इथे विचारलं. मी ते चालू ठेवत नाही.

---

मानसी_कुपवाड (सांगली) · बुधवार, सकाळी १०:४०

यात माझं मत वेगळं आहे. रविवारी लग्न द्यायचं असताना मंद चाललेलं मला पूर्ण बंदपेक्षा बरं. मी १ च ठेवते. पण मूळ मुद्दा मान्य: घरातल्या सगळ्या नेटवर्कावर जंबो नको, कारण तिथे कधी कोण काय जोडेल सांगता येत नाही.

गावभाग दादा, मी जंबो फक्त नॅस आणि एडिटिंग पीसी यांच्यातल्या थेट वायरवर ठेवलंय. मध्ये स्विचच नाही, त्यामुळे दोन टोकं जुळली की काम झालं. घरचं नेटवर्क 192.168.1 चं, ते १५०० वरच. थेट वायरवर वेगळे पत्ते, पीसी 10.10.10.1 आणि नॅस 10.10.10.2, गेटवे रिकामा. एक काळजी घ्या: ड्राइव्ह जोडताना नॅसचं नाव टाकू नका, नावाने तो बहुतेक वेळा जुन्याच वाटेने जातो. असं टाका:

```
net use Z: \\10.10.10.2\lagna /persistent:yes
```

मी पहिले दोन दिवस नावाने जोडलं होतं आणि १० गिगाबिट कार्ड असून ११३ च का येतंय म्हणून वायर बदलत बसले होते.

---

गावभाग_फोटो (सांगली) · बुधवार, दुपारी ३:२०

ताई, हे मला जमेल असं वाटतंय. पुरानंतर भिंती फोडल्या तेव्हा इलेक्ट्रिशियनने खालून वर दोन वायरी ओढून ठेवल्या होत्या, दुसरी तशीच पडून आहे. वायरीवर Cat5e लिहिलंय, लांबी अंदाजे अठरा मीटर. तिच्यावर १० गिगाबिट चालेल का? आणि माझ्याकडे चारही हार्ड डिस्कच आहेत, एसएसडी नाही.

---

मानसी_कुपवाड (सांगली) · बुधवार, दुपारी ४:००

Cat5e वर १० गिगाबिटची हमी नाही. कमी अंतरात काही घरांत चालतं, पण त्याच्या भरवशावर लग्नाचं काम ठेवू नका. २.५ गिगाबिट मात्र Cat5e वर शंभर मीटरपर्यंत चालावं असंच ठरवलेलं आहे, अठरा मीटर म्हणजे काहीच नाही. पीसीला २.५ चं एक कार्ड घ्या. नॅसला तसा पोर्ट आहे का, किंवा त्याचा कारखाना कोणतं कार्ड चालतं म्हणतो, ते आधी बघा.

२.५ वर १५०० ने साधारण २८३ MB/s मिळतील. चार हार्ड डिस्क मोठ्या व्हिडिओ फायलींना तेवढं देतील. तुमचं ६० जीबीचं लग्न पावणेचार मिनिटांच्या आत खाली येईल. जंबो लावून २९५ होतील, म्हणजे आणखी आठ-नऊ सेकंद.

---

तारवाला_काका (सातारा) · बुधवार, सायंकाळी ७:१०

आधी १५०० वरच सुरू करा आणि आठवडाभर वापरा. मग हवं तर त्या एका वायरीवर ९००० करून दोन्ही दिशांनी iperf3 घ्या. पीसीवर आणि नॅसवर बदलल्यावर लगेच ८९७२ चं पिंग. आणि एमटीयू बदलताना कॉपी चालू ठेवू नका, बऱ्याच कार्डांची लिंक त्या क्षणी पडून परत येते.

घरच्या नेटवर्ककडचं नॅसचं कार्डही १५०० वर आणायला विसरू नका. तुम्ही फक्त पीसी बदललाय, नॅस अजून ९००० वरच आहे. आज टीसीपीमुळे चालतंय. पण उद्या लॅपटॉपवर ९००० राहून गेलं, आणि तुम्ही तो वर न्यायला केलाच होता, तर तोच अठराशे फोटोंचा प्रकार लॅपटॉपवर दिसेल.

---

गावभाग_फोटो (सांगली) · बुधवार, रात्री ८:४५

काका, आत्ता बघितलं. लॅपटॉप खरंच ९००० वर राहिला होता. मुलगा सकाळपासून म्हणत होता की त्याच्या लॅपटॉपवर फोटोंचं फोल्डर उघडत नाही, आणि मी त्याला वायफायवर जा म्हणून सांगितलं होतं. वायफायवर त्याचं चालत होतं, तेही आता समजलं, वायफायचं कार्ड १५०० वरच होतं.

दोन्ही १५०० केले, नॅससकट. मेव्हण्याचा स्विच राहू देतो, १५०० ला तो उत्तम चालतोय. त्याच्यावर चिकटपट्टी लावून "जंबो नाही" असं लिहून ठेवलंय. नॅसच्या मागे बघितलं, दोन पोर्ट आहेत आणि एकाशेजारी 2.5G छापलंय, इतके दिवस तो रिकामाच होता. कार्ड शनिवारी मिळेल. लग्नं देऊन झाली की सोमवारी दुसरी वायर जोडतो आणि आकडे इथेच टाकतो.

---

स्वरसंग्रह (मिरज) · बुधवार, रात्री ९:३०

काका, लॅपटॉप १५०० वर आणला. प्लॅन बघितला, वर चढवायचा वेग १० Mbps आहे, खाली उतरवायचा १००. एका मैफिलीची फाईल साधारण ६०० MB ची असते. आठ-साडेआठ मिनिटांत जायला हवी असा माझा हिशेब येतो, पण तास लागतो. हे हिशेबात कुठे चुकतंय, की आणखी काही आहे?

---

तारवाला_काका (सातारा) · बुधवार, रात्री ९:५०

हिशेब बरोबर आहे ताई. म्हणजे आणखी काहीतरी आहे. वायफाय बाजूला ठेवून लॅपटॉप वायरने राउटरला जोडा, एक फाईल पाठवा आणि किती वेळ लागला ते नवीन धाग्यात लिहा. इथे दोन विषय एकत्र झाले तर पुढे वाचणाऱ्याला कळणार नाही.